साखरेच्या वहीतील उभे रकाने

तुमच्या घरी किंवा शेजारी मधुमेह असलेले कोणी असेल, तर त्यांच्याजवळ एक लहानशी वही असण्याचा संभव आहे. बोटाला बारीक सुई टोचायची, रक्ताचा थेंब पट्टीवर घ्यायचा आणि शर्करामापकावर दिसणारा आकडा वहीत उतरवायचा, असा त्यांचा क्रम असतो. दवाखान्यात गेल्यावर डॉक्टर ती वही उघडतात. बाहेर रुग्णांची रांग असते, आणि पानांवर आकडेच आकडे असतात! एवढ्या थोड्या वेळात त्यांनी त्यातून काय वाचायचे?

येथे तुमची मदत होऊ शकते. त्यासाठी पट्टी, पेन्सिल आणि शाळेतील गणित पुरेसे आहे. सोलापुरातील एका आजींची वही आपण उदाहरणादाखल कल्पू या. या आजी सकाळी न्याहारीपूर्वी आणि रात्री जेवणापूर्वी इन्शुलिन घेतात. त्यांच्या इन्शुलिनमध्ये दोन प्रकार मिसळलेले आहेत. एक लवकर काम करते, दुसरे सावकाश. म्हणजे सकाळच्या सुईतील सावकाश भागाचा जोर दुपारी असतो. आजी दिवसातून चार वेळा साखर तपासतात आणि आकडे एकाखाली एक लिहीत जातात. आठवड्यात अशा २८ नोंदी व्हायला हव्यात. बुधवारी रात्री त्या विसरल्या, म्हणून २७ झाल्या.

या २७ आकड्यांची सरासरी काढली तर ती १४६ येते. (आकडे दर डेसिलिटर रक्तातील मिलिग्रॅमचे आहेत.) आजींचे वय पाहता हे काही वाईट नाही, असे वाटून वही मिटली जाईल. आता तेच आकडे आपण वेगळ्या रीतीने मांडू. प्रत्येक दिवसाला एक आडवी ओळ आणि प्रत्येक वेळेला एक उभा रकाना देऊ.

| वार | सकाळी उपाशीपोटी | दुपारी जेवणाआधी | रात्री जेवणाआधी | झोपताना |
|---|---|---|---|---|
| सोम | १२८ | ६२ | २३२ | १७६ |
| मंगळ | १३४ | ११२ | १५८ | १६४ |
| बुध | १२१ | १०४ | १४९ | – |
| गुरु | १३९ | ५८ | २४६ | १८८ |
| शुक्र | १२६ | ११८ | १६२ | १७० |
| शनि | १३१ | ६६ | २२४ | १८१ |
| रवि | १४२ | १२१ | १५५ | १७२ |

राहून गेलेल्या नोंदीच्या जागी आडवी रेघ काढली आहे, हे ध्यानात घ्या. तेथे शून्य लिहू नये आणि अंदाजाने आकडाही भरू नये. आता प्रत्येक रकान्याचा सारांश काढू. सरासरीऐवजी आपण मध्यक घेऊ, कारण एखाददुसऱ्या टोकाच्या आकड्याने तो फारसा हलत नाही. त्याबरोबर सर्वांत लहान व सर्वांत मोठा आकडा देऊ, आणि ७० च्या खाली व १८० च्या वर किती आकडे आहेत तेही मोजू. ७० च्या खालची साखर कमी समजतात. तेव्हा हातपाय थरथरतात, घाम सुटतो, आणि साखर आणखी उतरली तर शुद्धही हरपते.

| वेळ | नोंदी | मध्यक | लहान ते मोठा | ७० खाली | १८० वर |
|---|---|---|---|---|---|
| सकाळ | ७ | १३१ | १२१–१४२ | ० | ० |
| दुपार | ७ | १०४ | ५८–१२१ | ३ | ० |
| रात्री जेवणाआधी | ७ | १६२ | १४९–२४६ | ० | ३ |
| झोपताना | ६ | १७४ | १६४–१८८ | ० | २ |

सकाळचा रकाना शांत आहे. गडबड दुपारी आहे: सातांपैकी तीन दिवस साखर ७० च्या खाली गेली. दुपारचा मध्यक १०४ म्हणजे चांगलाच दिसतो, म्हणून केवळ मध्यकावर विसंबूनही चालत नाही. कमी आकड्यांची मोजदाद वेगळी हवी. आता पहिल्या तक्त्यातील आडव्या ओळी पाहा. ज्या तीन दिवशी दुपारी साखर उतरली, त्याच तीन दिवशी रात्री जेवणापूर्वी ती २२० च्या वर गेली आहे!

याचे कारण असे की, साखर उतरली की शरीर स्वतःच यकृतातील साठा रक्तात सोडते. शिवाय घाबरलेला माणूस हाताला लागेल ते खातो. तीन चमचे साखर पाण्यातून घेऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे, असा नियम आहे. पण आजींनी गूळ खाल्ला, वर भरपेट जेवण केले आणि पुन्हा गोड चहाही घेतला.

आता धोका कोठे आहे ते पाहा. कोणी फक्त संध्याकाळचे २३२, २४६, २२४ हे आकडे पाहिले, तर सकाळचे इन्शुलिन वाढवावे असे त्याला वाटेल. तसे केले तर दुपारची साखर आणखी खाली जाईल. एकाच वहीतून दोन उलट निष्कर्ष निघू शकतात, ते असे.

पण सोमवार, गुरुवार आणि शनिवार हेच दिवस का? याचे उत्तर आकड्यांत नव्हते, आजींना विचारल्यावर मिळाले. त्या तीन दिवशी नातवाचा शिकवणीचा वर्ग असतो, तो अडीच वाजता घरी येतो, आणि तो आल्याशिवाय आजी जेवत नाहीत. इतर दिवशी त्या एक वाजता जेवतात. 'दुपारी जेवणाआधी' या एकाच मथळ्याखाली दोन निराळ्या वेळा लपल्या होत्या. म्हणून तक्त्याला शेवटी शेऱ्याचा एक रकाना जोडावा आणि त्यात घड्याळातील वेळ, उपवास, लांबचे चालणे, आजारपण अशा गोष्टी लिहाव्यात.

भौतिकशास्त्राचा विद्यार्थी येथे विचारील, हे आकडे कितपत खरे? योग्य प्रश्न आहे. मापकांसाठीच्या २०१३ च्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार १०० च्या खालच्या आकड्यात १५ पर्यंतचा फरक चालतो, आणि शंभरातील पाच वेळा तो त्याहूनही अधिक असू शकतो. म्हणजे एकटा ६६ हा आकडा प्रत्यक्षात ८१ ही असू शकेल. परंतु एकाच वेळच्या रकान्यात तीनदा तसेच घडले, तर त्याला योगायोग म्हणणे कठीण आहे. याउलट, डाळिंबाचे दाणे सोलून हात न धुता तपासणी केली, तर बोटावरच्या रसाने आकडा खोटाच फुगतो. पट्ट्यांची डबी सोलापूरच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली तापत राहिली, तरीही आकडे बिघडतात. संशयास्पद आकडा खोडू नये. त्याला खूण करून शेऱ्यात कारण लिहावे.

स्वतःच्या आकड्यांतून असा आकृतिबंध शोधणाऱ्यांपैकी एक होते न्यूयॉर्कचे रिचर्ड बर्नस्टाइन. ते अभियंता होते आणि बाराव्या वर्षापासून मधुमेही होते. १९७० च्या सुमारास मापक हे दवाखान्यात वापरण्याचे यंत्र होते. पट्टीच्या रंगावरून परावर्तित होणारा प्रकाश ते मोजत असे. बर्नस्टाइन यांनी आपल्या डॉक्टर पत्नीच्या नावाने ते मागवले, दिवसातून अनेकदा साखर मोजली, आणि ती केव्हा व कशाने चढते-उतरते हे शोधून काढले. पुढे ते स्वतः डॉक्टर झाले.

आपल्या तक्त्याची मर्यादाही ओळखून असावे. झोपताना १७४ आणि सकाळी १३१ या दोन बिंदूंच्या मध्ये रात्री तीन वाजता काय झाले, हे तक्ता सांगत नाही. आणि इन्शुलिन किती घ्यायचे हे आपण ठरवायचे नाही. ते डॉक्टरांचे काम. मात्र ५८ सारखा आकडा दिसला, तर तक्ता पूर्ण होण्याची वाट न पाहता त्यांना कळवावे.

आजींचा तक्ता पाहून डॉक्टरांनी इन्शुलिनचा विषय काढण्याआधी विचारावे, "तुम्ही दुपारी जेवता किती वाजता?", एवढे काम त्या उभ्या रकान्यांनी केले. आजी आता एक वाजता जेवू लागल्या, तर पुढील आठवड्याचा तक्ता तसाच आखा आणि दुपारच्या रकान्यात ७० च्या खाली किती आकडे उरले ते मोजा. आणि नातवाने अडीच वाजता एकट्याने जेवायला हरकत नाही.