आधीची फ्रेम, नंतरची फ्रेम

‘तुमचा फोटो पुढच्या अंकासाठी निवडला आहे’ असं मासिकाचं पत्र आलं की फ्रीलान्स छायाचित्रकार खूश होतो. पुढच्याच ओळीत ‘मूळ रॉ फाइल आणि चित्रणाचा तपशील पाठवावा’ असं वाचलं की कपाळावर आठी पडते. हा अविश्वास झाला का?

लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या वन्यजीव छायाचित्रण स्पर्धेत २०१७ साली ब्राझीलच्या मार्सिओ काब्राल यांच्या फोटोला बक्षीस मिळालं. तारांकित आकाश, अळ्यांच्या प्रकाशानं लुकलुकणारं वाळवीचं वारूळ आणि त्याकडे येणारा मुंगीखाऊ. पुढच्या एप्रिलमध्ये बक्षीस काढून घेतलं गेलं. राष्ट्रीय उद्यानाच्या माहिती केंद्रात पेंढा भरलेला एक मुंगीखाऊ होता. अंगावरचे पट्टे, केसांचे झुपके, उभं राहण्याची ढब, सगळं जुळतं, असं तज्ज्ञांनी सांगितलं. काब्राल यांनी आरोप नाकारला. त्यांनी रॉ फायली दिल्या होत्या, आधीच्या आणि नंतरच्याही. पण मुंगीखाऊ दिसेल अशी दुसरी एकही फ्रेम त्यांत नव्हती. प्रदीर्घ एक्स्पोजर आणि फ्लॅशमुळे प्राणी निघून गेला, हे त्यांचं स्पष्टीकरण.

संपादकाच्या पत्रात दोन मागण्या का असतात, ते इथे कळतं. रॉ फाइल म्हणजे कॅमेऱ्याच्या सेन्सरनं टिपलेली कच्ची नोंद. रंग, उजेड, कातरणी हे संस्कार नेहमीच्या सॉफ्टवेअरमध्ये वेगळे साठवले जातात, मूळ नोंद तशीच राहते. त्यामुळे छापायच्या फोटोतून विजेची तार पुसली असेल, तर रॉमध्ये ती दिसते. पण समोरचा प्राणी जिवंत होता की पेंढा भरलेला, पाळलेला होता की रानातला, हे फायलीला ठाऊक नसतं. त्यासाठी लागोपाठच्या फ्रेमा आणि माणसाचं उत्तर हवं.

समजा, जुन्नरच्या उसातल्या बिबट्याचा फोटो आहे. चांगलं पत्र असं असेल:

‘ही फ्रेम आणि तिच्या आधीच्या-नंतरच्या तीन-तीन फ्रेमा रॉमध्ये पाठवाव्यात. व्हॉट्सअ‍ॅपवर नको, लिंक चालेल. जागा, तारीख, वेळ लिहावी. कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर होतं का? आमिष ठेवलं होतं का? कॅमेरा हातात होता की सापळा लावला होता? सोबत कोण होतं? फायली फक्त तपासणीसाठी आहेत, अंक निघाल्यावर पुसून टाकू.’

घड्याळाचा प्रश्न फुटकळ वाटतो, पण फाइलवर सकाळचे सहा आणि फोटोत सावल्या आखूड, असं झालं की तिथूनच विचारपूस सुरू होते. अनेकदा घड्याळाची वेळच चुकलेली असते. आमिषाचं उत्तर ‘हो’ आलं, तरी फोटो बाद होतोच असं नाही. फोटोखालच्या ओळीत ते लिहावं लागतं. शेवटचं वाक्य मात्र पत्रात नसेल, तर छायाचित्रकारानं ते आधी लेखी मागून घ्यावं आणि मगच लिंक पाठवावी.