उतार अंदाजे, उत्तर अचूक

दोन संख्या अशा शोधा की त्यांच्या वर्गांची बेरीज 4 आणि गुणाकार 1 येईल. हे कोडे कागदावर सुटते. अभियांत्रिकीत मात्र अशी अनेक समीकरणे एकमेकांत गुंतलेली असतात आणि कित्येकदा त्यांचे सूत्रही समोर नसते. प्रोग्रामला संख्या द्यायच्या आणि किती चुकले ते त्याने सांगायचे, एवढेच हाती असते. सूत्र नाही म्हणजे विकलन करून उतार काढता येत नाही. तरीही न्यूटनची स्पर्शिकेची रीत चालते.

x = 2, y = 1 पासून सुरुवात करू. बेरीज 5 येते, गुणाकार 2. दोन्ही 1 ने जास्त. आता x किंचित वाढवून 2.001 करा. बेरीज 0.004001 ने वाढते; तिला 0.001 ने भागले की उतार मिळतो 4.001. खरा उतार 4. गुणाकाराचा उतार 1 येतो. x पूर्ववत करून y ला तसेच हलवले की 2.001 आणि 2 मिळतात. या चार संख्यांची सारणी म्हणजेच अंदाजे जेकोबियन.

आता वक्ररेषा क्षणभर सरळ मानायच्या. x मध्ये a आणि y मध्ये b इतका बदल केल्यास दोन्ही चुका मिटाव्यात, म्हणून (उतार पूर्णांकात घेऊन)

4a + 2b = −1
a + 2b = −1

यातून a = 0, b = −0.5. नवी जागा (2, 0.5). इथे बेरीज 0.25 ने चुकते, गुणाकार बरोबर येतो. उतार पुन्हा मोजून हेच केले की (1.9333, 0.5167) मिळते आणि चूक 0.005 च्या आत येते. आणखी एका फेरीत x = 1.93185, y = 0.51764, चूक साधारण 0.000003. चूक अशी झपाट्याने घटली, की गाडी रुळावर आहे असे समजावे.

उतार अंदाजे असूनही उत्तर अचूक येते, कारण दर फेरीत चूक मूळ समीकरणांतच तपासली जाते. उतार थोडा चुकला तर फार तर फेऱ्या वाढतात.

पण धक्का किती द्यायचा हे जपून ठरवावे लागते. तो मोठा असेल तर वक्राचा बाक उतारात मिसळतो. फारच लहान असेल तर संगणकाचे साधारण सोळा अंक अपुरे पडतात: 2 मध्ये 10⁻¹⁶ मिळवले तरी 2 च राहतात आणि उतार शून्य दिसतो. म्हणून x च्या सुमारे 10⁻⁸ पट धक्का देण्याचा प्रघात आहे.

दुसरा धोका सुरुवातीच्या जागेचा. (1, 1) पासून निघालो तर समीकरणे येतात 2a + 2b = 2 आणि a + b = 0. या समांतर रेषा कधीच छेदत नाहीत. अशा जागेच्या आसपास पुढचे पाऊल अवाढव्य निघते. पावलानंतर चूक वाढलेली दिसली, तर ते निम्मे करून पाहावे. तरीही भागले नाही, तर सुरुवातच बदलावी.