खात्यात आलेली सबसिडी नफा कधी होते?

कंपनीला सरकारी अनुदान मिळालं, पैसे बँकेत जमा झाले, म्हणजे त्या वर्षाचं उत्पन्न वाढलं, असं बहुतेकांना वाटतं. ऑडिटर मात्र बँकेच्या स्टेटमेंटवर थांबत नाही. मंजुरीपत्राची फाइल मागवून तो अटींचं पान आधी वाचतो. मोठ्या कंपन्यांना लागू असलेलं लेखा मानक, इंड एएस 20, या बाबतीत स्पष्ट आहे. कंपनी अटी पाळेल आणि अनुदान मिळेल, या दोन्हींची वाजवी खात्री असल्याशिवाय अनुदानाची नोंद करता येत नाही. पैसे हातात पडले म्हणजे अटी पाळल्या किंवा पाळल्या जातील, असंही हे मानक धरत नाही.

एक काल्पनिक कंपनी घेऊ. तिने 12 कोटींची यंत्रसामग्री बसवली. यंत्रं 1 ऑक्टोबर 2024 ला चालू झाली आणि ती दहा वर्षं चालतील असा अंदाज आहे. सरकारने 3 कोटींचं भांडवली अनुदान दिलं, पण त्याला अट घातली: कारखाना पाच वर्षं चालू ठेवायचा आणि नवीन 100 माणसांना कामावर ठेवायचं, नाहीतर पैसे परत. मार्च 2025 मध्ये रक्कम जमा झाली आणि हिशेब विभागाने सगळे 3 कोटी ‘इतर उत्पन्न’ म्हणून दाखवले. वर्षाचा करपूर्व नफा दिसला 4 कोटी.

अटी पाळल्या जातील असं मानलं, तरी ही नोंद चूकच. अनुदान यंत्रासाठी आहे, त्यामुळे यंत्राचा घसारा जसा वर्षांवर पसरतो तसंच अनुदानही पसरायला हवं. दहा वर्षांत 3 कोटी, म्हणजे वर्षाला 30 लाख. पहिल्या वर्षी यंत्र सहाच महिने चाललं, म्हणून उत्पन्न 15 लाख. उरलेले 2 कोटी 85 लाख ताळेबंदात ‘स्थगित उत्पन्न’ म्हणून राहतील. अनुदान यंत्राच्या किमतीतून वजा करण्याचीही मुभा आहे. तेव्हा घसारा कमी लागतो आणि नफ्यावरचा परिणाम तोच होतो. कुठल्याही मार्गाने खरा नफा 1 कोटी 15 लाखच निघतो. त्या 4 कोटींच्या आकड्यावर बँकेने कर्जमर्यादा वाढवली असती, भागधारकांनी लाभांश मागितला असता, आणि पुढच्या वर्षी नफा का कोसळला याचं उत्तर कुणाकडेच नसतं.

माझ्या मते खरी मेहनत इथून पुढे आहे, अटी तपासण्यात. कंपनी सांगते, 104 माणसं कामावर आहेत. ऑडिटर पीएफच्या मासिक ईसीआर याद्या काढतो आणि फक्त मार्चची नाही, सगळ्या महिन्यांची बघतो. सरकारी पाहणीच्या महिन्यात 104 आणि दोन महिन्यांनी 68, असं दिसलं तर भरती कागदासाठी होती का, हा प्रश्न उभा राहतो. मग तो त्याच कंपनीच्या जुन्या कारखान्याच्या याद्या शेजारी ठेवतो. प्रत्येक कामगाराचा यूएएन क्रमांक नोकरी बदलली तरी तोच राहतो. जुन्या यादीतले 30 क्रमांक नव्या यादीत सापडले, तर ती माणसं नवीन नाहीत, इकडून तिकडे हलवलेली आहेत. ठेकेदाराच्या पीएफ कोडखाली असलेले कामगार धरायचे की नाहीत, हे शासन निर्णयातल्या शब्दांवर ठरतं. म्हणून कंपनीने केलेला गोषवारा न वाचता मूळ निर्णयच वाचावा लागतो. यंत्रांच्या बिलांचंही तसंच. योजनेच्या मुदतीआधीची खरेदी किंवा जुनी यंत्रं दाव्यात घुसली आहेत का, हे बिलाची तारीख, यंत्राचा अनुक्रमांक आणि प्रत्यक्ष यंत्रावरची पट्टी जुळवून कळतं.

अट मोडल्याचं नंतर उघड झालं तर? समजा 31 मार्च 2027 ला सरकारने पूर्ण 3 कोटी परत मागितले. तोवर अडीच वर्षांत 75 लाख उत्पन्नात गेलेले असतील. देणं आधी शिल्लक 2 कोटी 25 लाख स्थगित उत्पन्नातून वळतं होईल आणि उरलेले 75 लाख त्याच वर्षीच्या नफ्याला लागतील. व्याज आकारलं असेल तर ते वेगळं.

यंत्राऐवजी विक्रीवरच्या राज्य जीएसटीशी जोडलेलं अनुदान असेल, जसं महाराष्ट्राच्या सामूहिक प्रोत्साहन योजनेत असतं, तर अडचण उलटी असते. तिथे कंपनी पैसे येण्याआधीच येणं दाखवते. पात्रता प्रमाणपत्र हातात असतं, पण दरवर्षीचा दावा स्वतंत्रपणे मंजूर व्हावा लागतो. अशा वेळी ऑडिटर मागच्या वर्षांचे दावे काढतो: किती मागितले, किती मंजूर झाले, किती कापले, पैसे किती महिन्यांनी आले. जिल्हा उद्योग केंद्राकडून थेट पुष्टीही मागवता येते. दरवर्षी दाव्यातला काही भाग कापला जात असेल, तर यंदाचा दावा शंभर टक्के येणं म्हणून दाखवायला आधार उरत नाही. व्यवस्थापन आकडा बदलायला तयार नसेल आणि रक्कम मोठी असेल, तर ऑडिटर आपल्या अहवालात तसं लिहितो: नफा किती जास्त दाखवला आहे, रुपयांत.