शून्य कुठे हरवतं?

७४२ भागिले ७. चौथीच्या वर्गात हे उदाहरण घातलं, की काही वह्यांत १६ हे उत्तर सापडतं. मुलांना पायऱ्या पाठ असतात. सात एके सात, बाकी शून्य. चार खाली घेतला. त्याला भाग जात नाही, म्हणून दोनही खाली घेतला. सात सक बेचाळीस. चाराला भाग गेला नाही तेव्हा वर शून्य मांडायचं मात्र राहून गेलं, कारण ते शून्य कशाचं, हे कोणी दाखवलेलंच नसतं.

हेच उदाहरण वाटणीच्या गोष्टीतून सांगून पाहावं. बचत गटातल्या सात जणींना ७४२ रुपये सारखे वाटायचे आहेत. खेळातल्या नोटा घेतल्या: शंभराच्या सात, दहाच्या चार आणि रुपयाची दोन नाणी. शंभराची एकेक नोट प्रत्येकीला मिळाली. दहाच्या नोटा चार आणि बायका सात, म्हणजे दहाची नोट कोणालाच नाही. दशकाच्या घरातलं शून्य ते हेच! मग त्या चार नोटा मोडून सुटे केले, दोन नाणी मिळवली, बेचाळीस रुपये झाले आणि प्रत्येकीला सहा आले. वाटा १०६ रुपयांचा.

भाजक दोन अंकी झाला, की चोवीस जणांत नोटा वाटत बसणं कंटाळवाणं होतं. तिथे गोष्ट बदलावी. ८५० लाडू आहेत, एका डब्यात २४ बसतात. डबे किती भरतील? चोवीसचा पाढा येत नसला तरी दहा डब्यांचे २४० लाडू हे कळतं. ते वजा केले, ६१० उरले. आणखी दहा डबे, उरले ३७०. पुन्हा दहा, उरले १३०. पाच डब्यांचे १२०, उरले १०. डब्यांची बेरीज केली: ३५, बाकी १०.

दुसरी मुलगी पहिल्याच फटक्यात वीस डबे भरेल, तिसरा मुलगा पाच-पाच भरेल. वजाबाकी नीट झाली तर उत्तर सगळ्यांचं एकच येतं. अंदाज कमी पडला तरी खोडावं लागत नाही, पुढच्या ओळीत उरलेले डबे भरता येतात. बाकी चोवीस किंवा त्याहून जास्त दिसली, की आणखी एक डबा भरतो हे मुलांनाच उमगतं.

एकेक डबा भरणाऱ्या मुलाची मांडणी मात्र पस्तीस ओळींची होते आणि तितक्याच वजाबाक्यांत चुकायची भीती असते. अशा वेळी शिक्षकांनी विचारावं, ‘एकदम किती दहा डबे भरतील?’ मूल ‘तीस’ म्हणालं, की तीन ओळींची एक ओळ होते: ७२० वजा, उरले १३०.

नेहमीची मांडणी आता फार दूर नसते. तिथे ‘८५ मध्ये २४ तीन वेळा’ म्हणतात, वर ३ आणि खाली ७२ लिहितात. तो ३ म्हणजे तीस डबे आणि ७२ म्हणजे ७२० लाडू, हे मुलाने स्वतः सांगितलं, की नेहमीची रीत शिकवायला घ्यावी.