सेवापुस्तक आणि पहिले निवृत्तिवेतन

महाराष्ट्र शासनाच्या सेवेत 1 नोव्हेंबर 2005 पूर्वी रुजू झालेल्या कर्मचाऱ्याचे निवृत्तिवेतन ‘महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, 1982’ प्रमाणे ठरते. त्याची तयारी निवृत्तीच्या दोन वर्षे आधी सुरू करावी, असे हेच नियम सांगतात. पुढच्या 24 ते 30 महिन्यांत निवृत्त होणाऱ्यांची यादी कार्यालयाने दर सहा महिन्यांनी, 1 जानेवारी आणि 1 जुलै रोजी करायची असते. पूर्ण झालेले प्रकरण निवृत्तीच्या निदान सहा महिने आधी महालेखापालांकडे जायला हवे. मुंबई, कोकण, पुणे आणि नाशिक भागांची प्रकरणे मुंबईच्या महालेखापाल कार्यालयात जातात, तर विदर्भ आणि मराठवाड्याची नागपूरला. ही मुदत कागदावर ऐसपैस दिसते. पण त्यातला बराच काळ सेवापुस्तकातल्या जुन्या त्रुटी दुरुस्त करण्यात जातो आणि पहिल्या निवृत्तिवेतनाला उशीर होतो तो बहुधा याच टप्प्यावर.

समजा, एका जिल्हा कार्यालयातल्या वरिष्ठ लिपिकाची जन्मतारीख 1 जून 1968 आहे. वयाच्या 58व्या वर्षी निवृत्ती असली, तरी महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो. म्हणून त्याचा सेवेतला शेवटचा दिवस 31 मे 2026 हा ठरतो. एके काळी शाळेत नाव घालताना सोयीसाठी 1 जून ही जन्मतारीख सर्रास टाकली जात असे. त्यामुळे 31 मे रोजी निवृत्त होणाऱ्यांची गर्दी मोठी असते आणि आस्थापना लिपिकाच्या टेबलावर त्यांची प्रकरणे एकदमच येऊन पडतात. या लिपिकाचे नाव 1 जानेवारी 2024 च्या यादीत यायला हवे, मे 2024 पर्यंत त्याच्या प्रकरणाचे काम सुरू व्हायला हवे आणि नोव्हेंबर 2025 अखेर ते महालेखापालांकडे पोहोचायला हवे.

पहिले काम सेवा पडताळणीचे. दर वर्षी वेतनदेयकांवरून सेवा पडताळल्याची नोंद सेवापुस्तकात घेऊन त्याखाली कार्यालयप्रमुखाची सही व्हावी लागते. या लिपिकाची 1991 ते 1998 ही वर्षे तालुक्याच्या कार्यालयात गेली आणि तिथली 1996–97 ची नोंदच नाही, असे धरू. बदलीच्या वर्षात असे हमखास घडते, कारण जुन्या कार्यालयाला वाटते की नोंद नवे कार्यालय घेईल आणि नव्याला वाटते की जुन्याने ती घेतलीच असेल. आता तालुक्याच्या कार्यालयाला पत्र पाठवून त्या वर्षाची वेतनदेयके आणि पगारपत्रके शोधून काढावी लागतात. ती जीर्ण झाली असतील किंवा नष्ट केली असतील, तर कर्मचाऱ्याने साध्या कागदावर लेखी निवेदन देऊन त्या काळातले आदेश, पगाराच्या चिठ्ठ्या, सोबत काम केलेल्यांचे जबाब असा पुरावा जोडायचा असतो. दोन वर्षे हाताशी असताना हे सगळे जमते. निवृत्तीला तीन महिने उरले असताना त्यासाठी धावाधाव होते. रजेच्या नोंदी, विनावेतन रजा आणि निलंबनाचा काळ कसा धरायचा याचे आदेश हेही याच वेळी पाहून घ्यावे लागते. आदेशाविना राहिलेला खंड अर्हताकारी सेवेत बसेल की नाही, हा प्रश्न महालेखापाल कार्यालय हमखास विचारते.

दुसरे काम वेतननिश्चितीच्या पडताळणीचे आणि पैशाच्या दृष्टीने सर्वांत नाजूक हेच. प्रत्येक वेतन आयोगानंतर, पदोन्नतीनंतर किंवा आश्वासित प्रगती योजनेचा लाभ मिळाल्यावर वेतन नव्याने निश्चित होते आणि सेवापुस्तक वेतन पडताळणी पथकाकडे जाते. पथकाने आक्षेप घेतला की ते परत येते आणि पुष्कळदा आक्षेपाचे उत्तर न देताच कपाटात पडून राहते. समजा, या लिपिकाचे शेवटचे मूळ वेतन 49,000 रुपये आहे आणि 2016 च्या वेतननिश्चितीत त्याला एक वेतनवाढ चुकून जास्त मिळाली, असे पथकाचे म्हणणे आहे. तसे असेल तर त्याचे खरे वेतन 47,600 रुपये ठरते. निवृत्तिवेतन शेवटच्या वेतनाच्या निम्मे, म्हणजे 24,500 ऐवजी 23,800 रुपये बसते. दरमहा 700 रुपये आणि त्यावरचा महागाई भत्ता, हा फरक पुढे आयुष्यभराचा आहे. उपदान आणि अंशराशीकरणाची रक्कम याच वेतनावर ठरत असल्याने तीही कमी होते.

जास्त गेलेल्या पैशांच्या वसुलीचा प्रश्न वेगळा. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2014 मध्ये रफिक मसीह प्रकरणात वर्ग 3 आणि वर्ग 4 च्या कर्मचाऱ्यांकडून, तसेच निवृत्त झालेल्यांकडून आणि वर्षभरात निवृत्त होणाऱ्यांकडून अशी वसुली करू नये, असे म्हटले. मात्र 2016 च्या जगदेव सिंग प्रकरणात, जादा रक्कम परत करण्याचे वचनपत्र ज्याने आधीच लिहून दिले होते त्याच्याकडून वसुली मान्य केली. म्हणून विकल्प देताना वचनपत्रावर सही झाली होती का, हे कर्मचाऱ्याने सेवापुस्तकातच तपासायला हवे. वसुली टळली तरी चुकीचे वेतन निवृत्तिवेतनासाठी धरले जात नाही. आक्षेप चुकीचा वाटत असेल, तर त्याला मुद्देसूद उत्तर देण्याची वेळही हीच.

उरलेल्या कागदांपैकी बरेचसे कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या हातातले असतात. नाव आणि जन्मतारीख सेवापुस्तक, पॅन, आधार आणि बँक खाते या सर्व ठिकाणी सारखीच असावी. पत्नीच्या नावाचा घोळ विशेष होतो. एखाद्या कागदावर लग्नाआधीचे नाव, दुसऱ्यावर लग्नानंतरचे असले, तर पुढे कुटुंब निवृत्तिवेतनाच्या वेळी ते तिलाच निस्तरावे लागते. विहित नमुन्यातला अर्ज, पतिपत्नीचे एकत्र छायाचित्र, कुटुंबाचा तपशील आणि उपदानाचे नामनिर्देशन हे अर्जासोबत जाते. निवृत्तिवेतनाच्या जास्तीत जास्त 40 टक्के भागाचे अंशराशीकरण करून घ्यायचे असेल, तर तसा अर्जही सोबतच द्यावा. निवृत्तीनंतर वर्षाच्या आत मागितल्यास वैद्यकीय तपासणी लागत नाही. कार्यालयाकडून ना-देय आणि ना-चौकशी प्रमाणपत्रे लागतात. शासकीय निवासस्थानात राहणाऱ्याचे भाडे थकलेले असल्यास उपदान अडते, म्हणून त्याची चौकशीही आधीच सुरू करायची असते.

महालेखापालांकडून निवृत्तिवेतन, उपदान आणि अंशराशीकरण यांचे वेगवेगळे आदेश कोषागाराला जातात, मुंबईत ते अधिदान व लेखा कार्यालयाकडे येतात. प्रकरण त्रुटी दाखवून परत आले, तर पत्रावरचे सगळे मुद्दे एकदम निकाली काढावेत. एकेक मुद्दा सुटा पाठवला की प्रत्येक खेपेला नवा कालावधी खर्च होतो. आदेश आल्यावरही दोन गोष्टी उरतात. कार्यालयाने अंतिम वेतन प्रमाणपत्र वेळेत पाठवायचे असते आणि निवृत्तिवेतनधारकाने ओळखपत्रांसह कोषागारात जाऊन ओळख पटवायची असते. प्रमाणपत्र न पोहोचल्यास आदेश हाती असूनही जूनचे पैसे खात्यावर येत नाहीत.

31 मे पर्यंत आदेश आलाच नाही, तर नियमात तात्पुरत्या निवृत्तिवेतनाची तरतूद आहे. कार्यालयप्रमुख ते सहा महिन्यांपर्यंत मंजूर करू शकतात. त्यासाठी निवृत्तीच्या आधीच लेखी मागणी करणे सोयीचे. अंतिम आदेश आल्यावर दिलेली रक्कम त्यातून वळती होते. विभागीय चौकशी किंवा न्यायालयीन खटला चालू असेल, तर मात्र वाट वेगळी असते. तेव्हा निकाल लागेपर्यंत तात्पुरतेच निवृत्तिवेतन मिळते आणि उपदान रोखून ठेवले जाते.