मनगटाचं ओझं कमरेनं उचलावं

पुण्याहून पहाटे बाइकवर निघालं की साताऱ्यापर्यंत काही जाणवत नाही. कऱ्हाड ओलांडताना उजवं मनगट ठणकू लागतं, कोल्हापूर येईतो मान आखडते आणि आंबोली उतरून गोव्यात पोचल्यावर कंबर सरळ होत नाही. या तिन्ही दुखण्यांचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं. पोटाचे आणि पाठीचे स्नायू थकले की धड पुढे कलतं, त्याचा भार हँडलवर येतो. मग हेल्मेटसकट डोकं वर धरायला मान ताणावी लागते.

स्वतःची परीक्षा घेता येते. सपाट जागी बाइक मेन स्टँडवर लावा, नेहमीसारखे बसा आणि दोन्ही हात हँडलपासून जरासे उचला. दहा सेकंदांच्या आत पुढे कोसळायला होत असेल, तर तुमचं धड मनगटांनी तोललेलं आहे.

उपाय घरातल्या सतरंजीवर होतो. हात आणि गुडघे टेकून उजवा हात व डावा पाय सरळ ताणा, कंबर न हलवता दहा सेकंद थांबा, मग बाजू बदला. प्रत्येक बाजूला सहा वेळा, आठवड्यातून तीन दिवस पुरे. मानेसाठी तळवा कपाळावर ठेवून डोक्यानं पाच सेकंद हलकेच दाबा, पण मान हलू देऊ नका. तसंच मागून आणि दोन्ही बाजूंनी करा.

निघण्यापूर्वी थंड अंगाला ताणून धरू नये. पाच मिनिटं चाला, मनगटं आणि खांदे गोल फिरवा, थोड्या अर्ध्या बैठका काढा. ब्रेक-क्लचच्या लिव्हरवर बोटं ठेवल्यावर मनगट मागे मोडत असेल, तर लिव्हर थोडे खाली फिरवून घ्या. कोपरापासून बोटांपर्यंत रेघ सरळ हवी.

तासा-दीड तासानं थांबलात की लगेच वाकून पायाचे अंगठे धरू नका, बॅगही उचलू नका. बराच वेळ पोक काढून बसल्यानं कण्यामागचे अस्थिबंध काही मिनिटं सैल असतात आणि तेव्हाच कंबर लचकते. आधी उभे राहा, कमरेवर हात ठेवून सावकाश पाच वेळा मागे झुका, थोडं चाला. खरं स्ट्रेचिंग मुक्कामी पोचल्यावर करायचं: हात समोर सरळ धरून बोटं आधी वर, मग खाली ओढा, प्रत्येकी वीस ते तीस सेकंद.

अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट, किंवा करंगळी आणि अनामिका दुसऱ्या दिवशीही बधिर राहिली, तर नस दबते आहे, डॉक्टरांना दाखवा. कंबरदुखीबरोबर मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर व्यायाम करत बसू नका, त्याच दिवशी रुग्णालय गाठा.