तगर की पांढरी कण्हेर? फोटोवरून कसं ओळखायचं

शेगावहून एका ताईंनी अंगणातल्या झुडपाचा फोटो पाठवलाय. पांढरं फूल, पाच पाकळ्या. त्यांचा प्रश्न असा की ही तगरच ना? घरात रांगणारं बाळ आहे आणि बाजूला शेळी बांधलेली असते. म्हणजे उत्तर नीट द्यायला हवं, कारण कण्हेरीचं पान, फूल, खोड, सगळंच विषारी असतं आणि ते विष थेट हृदयावर परिणाम करतं.

आधी पाकळ्या मोजू. चार निघाल्या आणि फुलांचा दाट गुच्छ असेल, तर ती बहुतेक एक्झोरा. पाच आल्या तर मात्र गोष्ट तिथं संपत नाही, कारण तगर, कण्हेर आणि जास्वंद तिघींच्याही पाकळ्या पाचच. शिवाय डबल जातीत पाकळ्या इतक्या असतात की मोजणी कामाचीच राहत नाही.

मग पानाची कड बघायची. फोटो बोटांनी मोठा करा. कडेला करवतीसारखे दाते दिसले तर जास्वंद. तगर आणि कण्हेर दोघींची कड सरळ, बिनदात्याची. म्हणजे कडेवरून जास्वंद बाद झाली, पण खरा प्रश्न तसाच राहिला.

इथं पानांची मांडणी कामाला येते. तगरीची पानं फांदीवर समोरासमोर, जोडीनं येतात आणि मधे रुंद असतात. कण्हेरीची पानं लांब, अरुंद, जाडसर असतात आणि बहुधा एकाच पेरावर तीन-तीन येतात.

आता कळी. तगरीची कळी म्हणजे बारीक नळी आणि टोकाला थोडा फुगवटा. कण्हेरीची कळी लांबट, टोकदार, वात वळल्यासारखी पिळलेली असते आणि फांदीच्या शेंड्याला अशा कळ्यांचा झुबका असतो. जास्वंदीच्या कळीखाली बारीक हिरव्या पट्ट्यांचं कडं असतं, तेही बघून ठेवा.

ताईंच्या फोटोत एका पेरावर तीन अरुंद पानं होती, कळ्या पिळलेल्या होत्या, आणि उघड्या फुलाच्या घशाशी झालरीसारखे तुकडे दिसत होते. ही झालर कण्हेरीची खूण, तगरीत ती नसते. तिन्ही खुणा एकाच दिशेला गेल्या, म्हणून मी त्यांना सांगितलं, ही कण्हेर आहे, शेळी आधी दुसरीकडे बांधा आणि छाटलेल्या फांद्या तिच्या पुढ्यात टाकू नका.

तुम्हाला विचारायचं असेल तर तीन फोटो पाठवा. एक फुलाचा समोरून, एक कळीचा बाजूनं, आणि एक पेराचा, जिथून पानं फुटतात. नुसत्या फुलाच्या क्लोजअपवरून मी नाव सांगणार नाही, आणि तुम्हीही कुणाला सांगू नका. पान किंवा फूल चाखून बघायचं तर अजिबातच नाही.